बेड नंबर १४ आणि मेडसर्जची उजळणी

*मॅडम, मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे. पुढच्या सोमवारपासून फीमेल मेडिकल वॉर्डात माझी पहिलीच नाइट लागली आहे आणि ती संपली की लगेच इंटर्नल. मधुमेह, हार्ट फेल्युअर, सगळं दोनदा वाचलंय, लिहूनही काढलंय, पण वॉर्डात स्टाफनं काही विचारलं की डोकं कोरं होतं. रात्री पेशंट झोपलेले असतात, तेव्हा वॉर्डात बसून उजळणी होईल का? पुस्तक नेऊ का?*
*– एक विद्यार्थिनी, परभणी*

पुस्तक नेऊ नकोस. तळहाताएवढी वही आणि पेन ने. सेकंदकाटा असलेलं घड्याळ ने, म्हणजे टीपीआरच्या कागदावर अख्खा वॉर्ड मिनिटाला वीसच श्वास घेत असल्याची नोंद निदान तुझ्या हातून तरी होणार नाही. पेशंट रात्री झोपलेले असतात हे मात्र पहिली नाइट होईपर्यंतच खरं वाटतं.

कारण सांगण्यापेक्षा माझ्या एका विद्यार्थिनीची रात्र सांगते. तिला आपण सायली म्हणू. तीही तिसऱ्या सेमिस्टरची होती आणि तिचीही फीमेल मेडिकलमध्ये पहिली नाइट होती. हुशार मुलगी. ‘हायपोग्लायसेमियाची चिन्हे व परिचर्या’ हा प्रश्न तिनं महिनाभरापूर्वीच क्लास टेस्टमध्ये लिहिला होता आणि मी तिला चांगले मार्क दिले होते.

रात्री आठला हँडओव्हर झालं. बेड १४ला साधारण पासष्टच्या एक आजी होत्या. पायाला सेल्युलायटिस, अंगात ताप, जुना मधुमेह, क्रिएटिनिन १.९. सकाळ-संध्याकाळ ३०/७० इन्सुलिन चालू होतं. इव्हिनिंगच्या स्टाफनं सांगितलं, ‘साडेसातला इन्सुलिन १२ युनिट दिलंय, अँटिबायोटिक गेलंय, पेशंट सेटल आहे.’ सायलीनं हे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. आजी जेवल्या का, हे कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

आजींनी भाताचे दोन घास खाल्ले होते. मेट्रोनिडाझोलमुळे तोंड कडवट झालं होतं, मळमळत होतं. सुनेला वाटलं, थोड्या वेळानं खातील. तिची एसटी होती, ती निघून गेली. मावशींनी ताटं गोळा केली, त्यात आजींचंही ताट गेलं.

नऊला ताप आला म्हणून पॅरासिटामॉलची गोळी दिली. दहाला एचजीटी १३८ आली, नाडी ८८. सायलीनं आकडा लिहिला आणि तिला बरं वाटलं, कारण आकडा छान होता. बाराला आजी झोपल्या होत्या.

पावणेतीनला टॉर्च घेऊन ती राउंडला निघाली. आजींची उशी ओली होती, कपाळावर आणि मानेवर घाम होता. नऊला पॅरासिटामॉल दिलं होतं, म्हणजे ताप उतरतोय, असं तिनं धरलं. हा अंदाज मूर्खपणाचा अजिबात नव्हता, ताप उतरताना घाम येतोच. तिनं टेंपरेचर घेतलं, ९७.४. अंदाज आणखी पक्का झाला. मग नाडी मोजली, ती ११२ निघाली. ताप उतरला की नाडीही खाली यायला हवी, ही मात्र वर गेली होती. तिनं आजींना हाक मारली. आजींनी डोळे अर्धवट उघडून तिला ‘सुमे’ म्हटलं आणि गोठ्यात जायचंय असं काहीतरी पुटपुटल्या. झोपेत बरळताहेत, असं तिला वाटलं.

घाम, धडधड, गोंधळ. क्लास टेस्टमध्ये तिनं याच क्रमानं लिहिलेले तीन शब्द समोर पलंगावर होते आणि तिला ते दिसत नव्हते. तुझं डोकं कोरं होतं म्हणतेस ना, ते हेच. तिच्या डोक्यात ती यादी ‘हायपोग्लायसेमिया’ या मथळ्याखाली ठेवलेली होती. प्रश्नपत्रिकेत मथळा छापून येतो आणि यादी निघते. बेड १४वर मथळा नव्हता. तिथे फक्त ओली उशी होती, आणि ओल्या उशीपासून सुरू होणारी कुठलीच ओळ तिनं कधी पाठ केलेली नव्हती.

तिनं एक गोष्ट बरोबर केली. न पटणारी नाडी स्वतःजवळ न ठेवता ती काउंटरवर गेली आणि म्हणाली, ‘सिस्टर, १४ नंबरच्या आजींना घाम फुटलाय, ताप नाहीये, पण पल्स ११२ आहे.’ सिस्टर लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘जेवल्या होत्या का? एचजीटी कर, मी आलेच.’

एचजीटी करताना बोट आधी पाण्यानं पुसून कोरडं करायचं असतं. बोटाला बिस्किटाची किंवा फळाची साखर लागलेली असेल तर आकडा खोटा जास्त येतो, आणि स्पिरिट वाळायच्या आत टोचलं तरी आकडा बिघडतो. ज्या हाताला डेक्स्ट्रोजचं सलाइन चालू आहे, त्या हाताचं बोट तर घ्यायचंच नाही. हे तिला येत होतं. आकडा आला ४६.

सत्तरच्या खाली आलं की उपचार सुरू करायचे आणि ५४च्या खाली गंभीर धरायचं, हेही तिला माहीत होतं. ती ग्लासात साखर कालवायला धावली. सिस्टरनी तिचा हात धरला. आजींना त्यांचं नाव विचारलं, पाण्यानं ओला केलेला चमचा ओठांना लावला आणि गिळायला सांगितलं. आजींना ठसका लागला. ‘तोंडानं काही नाही,’ सिस्टर म्हणाल्या. पूर्ण शुद्धीत असलेल्या, नीट गिळणाऱ्या पेशंटला साधारण १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून देतात आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासतात. गुंगीतल्या पेशंटच्या तोंडात तेच पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं.

सिस्टरनी रेसिडेंट डॉक्टरांना फोन लावला. ते वाक्य सायलीनं नंतर वहीत उतरवलं, म्हणून मला शब्दशः माहीत आहे: ‘सर, फीमेल मेडिकल, बेड १४. डायबेटिक आहेत, साडेसातला मिक्स इन्सुलिन १२ युनिट दिलंय, जेवलेल्या दिसत नाहीत. आता घाम, गोंधळलेल्या आहेत, पल्स ११२, बीपी १४०/८०, एचजीटी ४६. गिळता येत नाही, आयव्ही चालू आहे. २५ डी काढून ठेवतेय, लगेच या.’ बोलायला अर्धं मिनिटही लागलं नाही, आणि डॉक्टरांना उलटा एकही प्रश्न विचारावा लागला नाही.

आयव्हीला फ्लश देऊन शीर चालू आहे ना, सुई बाहेर सरकलेली नाही ना, हे सिस्टरनी पाहिलं. २५ टक्के डेक्स्ट्रोज दाट असतं, शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते. १०० मिलीची बाटली, म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज. डॉक्टर आले, त्यांच्या ऑर्डरनं ती दहा-पंधरा मिनिटांत देण्यात आली. (काही ठिकाणी १० टक्के डेक्स्ट्रोज जास्त प्रमाणात देतात. तुझ्या वॉर्डातली पद्धत पहिल्याच रात्री विचारून ठेव.) सायलीचं काम होतं हाताला सूज येते का पाहणं आणि घड्याळ बघणं. स्टुडंटनं स्वतःच्या हिमतीवर डेक्स्ट्रोज द्यायचं नसतं, हे वेगळं सांगायला नको.

पंधरा मिनिटांनी एचजीटी १३२. आजींनी डोळे उघडले आणि विचारलं, ‘पोरी, मी एवढी भिजले कशानं?’

इथं रात्र संपली असं सायलीला वाटलं. सिस्टरनी मात्र दूध आणि बिस्किटं मागवली. आता गिळता येतंय याची खात्री केली, आजींना बसवून खायला घातलं आणि एचजीटीच्या पुढच्या वेळा फळ्यावर लिहिल्या: सव्वाचार, पाच, सहा. सायलीनं विचारलं, ‘१३२ आलंय ना, मग परत कशाला?’ सिस्टर म्हणाल्या, ‘साखर आपण दिलीय. इन्सुलिन कुठं गेलंय?’ सव्वाचारला १०४, पाचला ११०, सहाला ११८ आली. सकाळच्या इन्सुलिनचं काय करायचं, ते सिस्टरनी स्वतः ठरवलं नाही. राउंडपर्यंत थांबून डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी डोस कमी केला.

निघण्याआधी सिस्टरनी तिला इन्सुलिनची व्हायल आणि सिरिंज काढून दाखवली. डोसच चुकला नव्हता ना, हे पाहायचं होतं. आपल्याकडच्या बऱ्याच व्हायलमध्ये एका मिलीत ४० युनिट असतात आणि त्यासाठी लाल टोपीची सिरिंज असते. नारिंगी टोपीची सिरिंज १०० युनिटवाल्या इन्सुलिनसाठी. १०० युनिटवालं इन्सुलिन चुकून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरलं, तर डोस अडीच पट जातो. त्या रात्री व्हायल ४०चीच होती, सिरिंज लालच होती. चूक डोसात नव्हती, ताटात होती.

आता तुझ्या कामाचा भाग.

सायली सकाळी हॉस्टेलवर गेली आणि झोपली. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नाइट करून आल्यावर ‘दोन तास वाचून मग झोपते’ म्हणणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांचं वाचनही होत नाही आणि पुढची नाइट डोळे ताणून काढावी लागते. दुपारी उठून, जेवून, चारच्या सुमारास ती वही घेऊन बसली.

तिनं पहिल्यांदा इन्सुलिनचा तक्ता काढला. सुरुवात, शिखर, कालावधी असे तीन रकाने तिला तोंडपाठ होते. रेग्युलरचं शिखर २ ते ४ तासांनी, एनपीएचचं साधारण ४ ते १० तासांनी. या वेळी तिनं रकाने बाजूला ठेवले, एक गोल घड्याळ काढलं आणि त्यावर आजींची रात्र मांडली. ३०/७०चे १२ युनिट म्हणजे साडेतीनच्या आसपास रेग्युलर आणि साडेआठच्या आसपास एनपीएच. साडेसातला टोचलं, म्हणजे रेग्युलरचा जोर साडेनऊ ते साडेअकरा आणि एनपीएचचा साडेअकरा ते पहाटे साडेपाच. मग जेवण मांडलं: सातला ताट, त्यानंतर थेट सकाळी आठचा चहा. मोठा जोर मध्यरात्रीनंतर आणि पोटात दोन घास. दहाला आलेल्या १३८नं तिला बरं का वाटायला नको होतं, हे त्या चित्रात दिसलं. तो आकडा उतारावरचा होता. त्यात क्रिएटिनिन वाढलेलं. इन्सुलिनचा बराच भाग मूत्रपिंडातून निकामी होतो, मूत्रपिंड मंदावलं की ते अंगात जास्त वेळ टिकतं. त्यात झोप. झोपेत शरीराची धोक्याची घंटा तशीही हळू वाजते आणि ‘मला कसंतरी होतंय’ म्हणायला पेशंट जागा नसतो.

तोच तक्ता तिनं पूर्वी दहादा वाचला होता. घड्याळावर आल्यावर तो पुन्हा पाठ करावा लागला नाही.

मग तिला हा नाद लागला. वॉर्डात रोज हाताखालून जाणारी औषधं ती घड्याळावर मांडू लागली. फ्रुसेमाइडची गोळी पोटातून घेतली की तासाभरात लघवी सुरू होते आणि सहा-आठ तास असर राहतो. ती सकाळी आणि दुपारी लिहिलेली का असते, आणि रात्री आठला दिली तर बाराला बाथरूमकडे निघालेली म्हातारी पडते का, हे उत्तर ती पुढं व्हायवात आपल्या मनानं देऊ शकली.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं होतं. तिनं वही उलटी करून मागच्या बाजूनं नवी पानं सुरू केली. पहिल्या पानाचं नाव ‘हायपोग्लायसेमिया’ नव्हतं, ‘घाम’ होतं. रात्री अचानक घाम फुटलेला पेशंट दिसला तर काय काय असू शकतं? साखर उतरली असेल, हार्ट अटॅक असेल, रक्तस्राव किंवा सेप्सिसमुळे शॉक असेल, किंवा नुसता ताप उतरत असेल. प्रत्येकापुढं तिनं एवढंच लिहिलं की दोन-तीन मिनिटांत, डॉक्टर यायच्या आधी, मी स्वतः काय तपासून त्यांना वेगळं करू शकते. एचजीटी. छातीत, जबड्यात, हातात दुखतं का; पण मधुमेही बाईला हार्ट अटॅक न दुखताही येतो, म्हणून ईसीजीची आठवण करून द्यायची. बीपी पडलंय का, हातपाय गार आहेत का, गेल्या काही तासांत लघवी किती झाली. टेंपरेचर उतरलंय आणि नाडीही बरोबर उतरलीय का. याच पानाच्या खाली एक ओळ नंतर आली: ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल घेणाऱ्या पेशंटची धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम झाकला जात नाही.

दुसरं पान ‘धाप’, तिसरं ‘नेहमीपेक्षा वेगळं बोलतोय किंवा उठत नाहीये’, चौथं ‘लघवी कमी’, पाचवं ‘पडला’. पाचाच्या पुढं ती गेली नाही. तूही जाऊ नकोस, नाहीतर त्याचंही पुस्तक होईल.

प्रत्येक पान ती अशी वापरायची: वही मिटून, पानाचं नाव मोठ्यानं म्हणून, काय तपासेन ते आठवून लिहायचं, मग उघडून ताडून पाहायचं. राहिलेलं तेवढंच लाल पेनानं. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्यानं पुन्हा. तू ‘दोनदा वाचलंय’ म्हणतेस. वाचताना उत्तर समोरच असतं, त्यामुळे येतंय असं वाटत राहतं. आणि प्रत्येक पानाच्या शेवटी ती रात्री तीनला डॉक्टरांना करायचा फोन तोंडानं बोलून बघायची. वॉर्ड, बेड, मूळ आजार, काय घडलं, आत्ताचे आकडे, मी काय केलंय, मला काय हवंय. रूममेट रेसिडेंट व्हायची आणि मुद्दाम झोपाळू आवाजात ‘मग काय करू?’ विचारायची. फोनवर डोकं कोरं होण्यावर मला तरी याहून चांगला उपाय माहीत नाही.

इंटर्नलचं काय, असा प्रश्न तुझ्या मनात असणारच. उलट्या पानांवरून लाँग आन्सर लिहिता येत नाही. तिथे व्याख्या, कारणं, चिन्हं, तपासण्या, उपचार, परिचर्या याच क्रमानं लागतं आणि तपासणारीही मार्क त्याच क्रमानं देते. सायली आधी उलटं पान करायची आणि मग त्याच आजाराचं मथळेवार उत्तर एकदा वेळ लावून लिहायची. परिचर्येचा भाग तिला आता पाठ करावा लागत नसे. ‘तोंडावाटे देण्यापूर्वी गिळण्याची क्षमता तपासावी’ हे वाक्य तिनं परीक्षेत लिहिलं, तेव्हा तिला ठसका आठवत होता. पण सगळ्या विषयांना ही रीत लावू नकोस. ॲनॅटमीतल्या शिरांची नावं किंवा कम्युनिटीतली लसीकरणाची वेळापत्रकं जुन्या पद्धतीनं घोकूनच होतात. एका रात्रीत जे घडलं तेवढंच महत्त्वाचं, असंही धरू नकोस. सायलीला पुढचे आठ दिवस प्रत्येक घामेजलेला पेशंट हायपोच वाटत होता आणि त्यातल्या एकीचा पंखा बंद होता.

नाइटला वहीत काय लिहायचं, तेवढं सांगते. पेशंटचं नाव कधीही लिहू नकोस, केसपेपरचा फोटो तर मुळीच काढू नकोस. रात्रीत एकच प्रसंग निवड. काय दिसलं, मला काय वाटलं, ते काय निघालं, स्टाफनं काय विचारलं जे मला सुचलं नव्हतं, अशा चार ओळी पुरे. त्या टीपीआर आणि इनटेक-आउटपुटची कामं संपल्यावर, पहाटेच्या राउंडआधी लिही. बाकी रात्र वॉर्डात फिर.

आणि सोमवारी आठला हँडओव्हर घेताना इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येक पेशंटमागे तीन गोष्टी स्वतः विचार: किती वाजता दिलं, कोणतं आणि किती युनिट दिलं, आणि त्यानंतर पेशंटनं प्रत्यक्ष किती खाल्लं. तिसऱ्याचं उत्तर ‘जेवण दिलंय’ असं आलं, तर ते उत्तर धरू नकोस. बेडपाशी जा, पेशंटला किंवा नातेवाइकांना विचार, आणि ताट अजून तिथंच असेल तर झाकण काढून बघ. कमी खाल्लं असेल तर लगेच स्टाफला सांग, म्हणजे मध्यरात्री आणि तीनला एचजीटी लावायची की नाही हे त्या तेव्हाच ठरवतील.